बायोसमध्ये बदल केला आणि विंडोज रिकव्हरी की मागू लागलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेटिंग बदलून मशीन चालू केलं तर निळा पडदा आला आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. डिस्क बिघडली का?

नाही. डिस्क जशी होती तशीच आहे आणि फाइलीही जागेवर आहेत. हा पडदा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा आहे. विंडोज सुरू होण्याआधी मशीनची जी अवस्था असायला हवी होती ती आज वेगळी दिसली, म्हणून त्याने स्वतःहून कुलूप उघडायला नकार दिला, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वेळा तुम्ही नुकताच केलेला बदल मागे घेतला की पडदाही जातो, रिकव्हरी की न टाकता. म्हणून घाईने विंडोज रीसेट करायला जाऊ नका. डेटा खऱ्या अर्थाने गमावण्याचा मार्ग तोच आहे.

पण मी बिटलॉकर कधी चालूच केला नव्हता!

तुम्ही केला नसेल, विंडोजने केला असेल. होम आवृत्तीत ‘बिटलॉकर’ हे नाव सहसा दिसत नाही. तिथे त्याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात, पण आतलं यंत्र तेच. योग्य हार्डवेअर असलेल्या मशीनवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ते आपोआप लागू होतं आणि रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या आहेत, त्यामुळे नव्याने विंडोज टाकलेली पुष्कळ मशीनं मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असतात. रोजच्या वापरात काहीच जाणवत नाही. कळतं ते बायोसमध्ये हात घातल्यावर.

हे मशीनला कळतं तरी कसं?

मदरबोर्डवर, किंवा हल्ली बहुधा प्रोसेसरच्या आतच, टीपीएम नावाचा एक सुरक्षा घटक असतो. डिस्क उघडणारी किल्ली विंडोजने त्याच्याकडे एका अटीवर ठेवलेली असते: सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली तरच ती द्यायची.

सुरुवात कशी झाली हे टीपीएम स्वतः पाहत नाही. मशीन चालू झालं की फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण बायोस म्हणतो तो मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, प्रत्येक टप्प्यावर ‘आता हे चालवतोय, हे सेटिंग असं आहे’ अशी नोंद त्याच्याकडे पाठवत जातो. या नोंदी पीसीआर नावाच्या क्रमांकित कप्प्यांत साठतात. कप्प्यातली नोंद खोडता येत नाही. नवी नोंद जुनीत मिसळून एक नवाच आकडा तयार होतो, आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावरच कप्पे रिकामे होऊन सगळं पहिल्यापासून चालू होतं. शेवटी जमलेला आकडा किल्ली ठेवतानाच्या आकड्याशी जुळला तर किल्ली मिळते. एका नोंदीचाही फरक पडला तर मिळत नाही, आणि मग विंडोज तुमच्याकडे वळतं.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचा कप्पा ७ क्रमांकाचा. त्यात सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्या सहीचेच प्रोग्राम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय, चालू आहे की बंद, त्यातल्या परवानगीच्या आणि बंदीच्या याद्या कोणत्या, आणि आज चाललेले प्रोग्राम कोणाच्या प्रमाणपत्राने तपासले गेले, हे सगळं नोंदलं जातं. सिक्युअर बूट नीट चालू असलेल्या मशीनवर बिटलॉकर फक्त ७ आणि ११ हे कप्पे पाहतो. सिक्युअर बूट बंद असेल किंवा ७ व्या कप्प्यावर भरवसा ठेवता येत नसेल, तर यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं फर्मवेअर असलेल्या मशीनवर तो ०, २, ४ आणि ११ पाहतो. ० म्हणजे खुद्द फर्मवेअरचा कोड, २ म्हणजे ग्राफिक्स किंवा नेटवर्क कार्डासोबत येणारा कोड आणि ४ म्हणजे बूट करणारा प्रोग्राम. दोन्हीकडे दिसणारा ११ हा बिटलॉकरचा स्वतःचा कप्पा. ही दुसरी जोडणी फार हळवी आहे. बायोस अपडेट केला किंवा नवं कार्ड बसवलं तरी ती मोडते. एकाच्या मशीनवर काहीही बदललं तरी पडदा येत नाही आणि दुसऱ्याच्या मशीनवर बारीकशा बदलाने येतो, याचं कारण बहुधा इथेच असतं.

तुमचं मशीन कुठल्या गटात आहे ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये पाहता येतं:

```
manage-bde -protectors -get C:
```

उत्तरात `PCR Validation Profile` या मथळ्याखाली `7, 11` दिसले तर उत्तम. `0, 2, 4, 11` दिसले तर कुठल्याही बदलाआधी पुढे सांगितलेली खबरदारी न चुकता घ्या.

पडदा आत्ता समोर आहे. रिकव्हरी की टाकू की आधी सेटिंग मागे घेऊ?

बदल काय केला ते आठवत असेल तर आधी तो मागे घ्या. मशीन पूर्ण बंद करा, फर्मवेअरमध्ये जाऊन सेटिंग पूर्वीसारखं करा, सेव्ह करा आणि चालू करा. पडदा गेला तर विषय संपला.

पडद्यावरचा मजकूरही वाचा. सिक्युअर बूट बंद झाल्यामुळे की हवी आहे, ते पुन्हा चालू करा किंवा बिटलॉकर सस्पेंड करा, असं तिथे कधी कधी स्पष्ट लिहिलेलं असतं. लोक आकड्यांच्या चौकटीकडे पाहतात आणि वरची ओळ सोडून देतात.

आधी मागे घ्यायला सांगण्यामागे एक कारण आहे. रिकव्हरी की टाकून विंडोज उघडलं की बिटलॉकर सहसा त्या क्षणीची अवस्था हीच नवी ‘ठरलेली’ अवस्था म्हणून टीपीएमकडे नोंदवतो. समजा, सिक्युअर बूट चुकून बंद झालं होतं आणि तुम्ही तसंच ४८ आकडे टाकून आत गेलात. दुसऱ्या दिवशी ‘चूक दुरुस्त करू’ म्हणून ते चालू केलंत की पुन्हा पडदा येऊ शकतो! आता ‘बरोबर’ अवस्था हीच बिटलॉकरसाठी अनोळखी झालेली असते. म्हणून मशीन ज्या अवस्थेत कायम ठेवायचं आहे त्या अवस्थेत आधी आणा, आणि तरीही पडदा आला तर तिथे की टाका.

नेमके कोणते बदल हा पडदा आणतात?

सिक्युअर बूट चालू किंवा बंद करणं हे पहिलं. यूईएफआयऐवजी लेगसी किंवा सीएसएम ही जुनी बूट पद्धत निवडणं हे दुसरं, कारण त्यासोबत सिक्युअर बूटही जातं. तिसरं टीपीएम बंद करणं. बोर्डाप्रमाणे याला पीटीटी, एफटीपीएम किंवा ‘सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट’ अशी वेगवेगळी नावं असतात. बंद केलेला टीपीएम पुन्हा चालू केला तर बहुधा सगळं पूर्ववत होतं. ‘क्लिअर टीपीएम’ मात्र वेगळं प्रकरण आहे: आत ठेवलेली किल्ली त्याने कायमची निरुपयोगी होते. ‘लोड डिफॉल्ट्स’ करणं किंवा सीमॉस बॅटरी काढणं यातही हेच बदल नकळत होऊन जातात.

पंख्याचा वेग, कीबोर्डचा दिवा, तारीख-वेळ अशा सेटिंगचा ७ आणि ११ च्या जोडणीशी काही संबंध नाही.

मी फक्त बूट क्रम बदलला. तेवढ्याने पडदा का यावा?

नुसता क्रम ७ व्या कप्प्यात नोंदला जात नाही. नोंदलं जातं ते, त्या क्रमामुळे विंडोजच्या आधी काय काय चाललं ते. यूएसबीला पहिला नंबर दिला आणि यूएसबी लावलेलीच नसेल, तर ७ आणि ११ वाल्या मशीनवर सहसा काही होत नाही. पण त्या जागी बूट होऊ शकणारा पेनड्राइव्ह राहून गेला असेल, त्यातला प्रोग्राम क्षणभर चालला आणि मग मशीन विंडोजकडे वळलं, तर त्याची नोंद होऊन बसते. नेटवर्क बूट वर आणलं तरी हाच धोका.

४ हा कप्पा पाहणाऱ्या मशीनवर तर फसलेला बूटचा प्रयत्नसुद्धा नोंदला जातो. म्हणून अशा मशीनवर पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू करणं हा पहिला उपाय, आणि पुष्कळदा तेवढाच पुरतो.

विंडोजसोबत लिनक्स टाकलं. आता ग्रब या लिनक्ससोबत आलेल्या बूट मेनूमधून विंडोज निवडलं की दर वेळी रिकव्हरी की मागतं. काय करू?

या प्रश्नाला जरा वेळ देऊ, कारण यात वरचं सगळं एकत्र दिसतं.

लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, सिक्युअर बूट चालू आहे आणि बिटलॉकर `7, 11` वर आहे. उबंटू हे लिनक्स टाकलं, सिक्युअर बूटला हातही लावला नाही. इन्स्टॉलरने मात्र फर्मवेअरच्या यादीत स्वतःचं नाव पहिलं केलं. आता मशीन चालू होताना आधी शिम नावाचा छोटा प्रोग्राम चालतो, मग ग्रबचा मेनू येतो. त्यातून विंडोज निवडलं की निळा पडदा.

कारण असं. शिमवर मायक्रोसॉफ्टचीच सही असते, पण ती इतरांच्या प्रोग्रामसाठी राखलेल्या प्रमाणपत्राची. विंडोजच्या स्वतःच्या बूट मॅनेजरची सही वेगळ्या प्रमाणपत्राची. फर्मवेअर शिमला चालू देतो, मात्र ‘अमुक प्रमाणपत्राने तपासलं’ अशी एक नोंद ७ व्या कप्प्यात वाढते. थेट विंडोजकडे गेलं असतं तर ती नोंद झालीच नसती. ग्रबमधून जाताना कप्प्यातला आकडा बदलतो तो असा, सगळं कायदेशीर असूनही.

तपासून पाहायचं तर मशीन बंद करा, चालू करताना फर्मवेअरचा बूट मेनू उघडा (बनावटीप्रमाणे `F12`, `F9`, `F8` किंवा `Esc`) आणि तिथून `Windows Boot Manager` निवडा. की न मागता विंडोज उघडलं तर निदान पक्कं झालं.

सर्वांत साधी सोय म्हणजे विंडोजला पहिलं ठेवणं आणि लिनक्स हवं तेव्हा बूट मेनूमधून उघडणं. उलटं हवं असेल, म्हणजे रोज लिनक्स आणि अधूनमधून विंडोज, तर लिनक्समधूनच पुढच्या एका वेळेपुरता थेट विंडोजचा हुकूम देता येतो:

```
efibootmgr
sudo efibootmgr -n 0000
sudo reboot
```

पहिल्या ओळीने यादी दिसते. त्यात विंडोजच्या नावापुढचा चार आकडी क्रमांक दुसऱ्या ओळीत `0000` च्या जागी घाला. मशीन या खेपेला ग्रबला वगळून सरळ विंडोजमध्ये जातं, बूट क्रम मात्र जसाच्या तसा राहतो. सिस्टमडी-बूट वापरणाऱ्यांसाठी हेच काम `reboot-for-bitlocker` या पर्यायाने होतं.

‘एकदा की टाकली की ग्रबचा मार्गही ओळखीचा होईल ना?’ असं विचारणारे पुष्कळ असतात. होऊ शकतो, पण तो सौदा वाईट आहे. ७ व्या कप्प्यात परकी नोंद दिसली की बिटलॉकर त्या कप्प्यावर विसंबत नाही आणि ०, २, ४ कडे सरकतो. मग ग्रब किंवा शिमचं अपडेट आलं की पडदा, बायोस अपडेट झाला की पडदा, आणि थेट विंडोजकडे गेलात तरी पडदा. मी तरी ग्रबच्या मेनूतली विंडोजची ओळ वापरायचीच नाही असं सांगेन.

सगळं पूर्ववत केलं, सिक्युअर बूट चालू दिसतंय, तरी की मागतंय. आता?

‘चालू’ दिसणं आणि तेच असणं यात फरक आहे. सिक्युअर बूटच्या आत बंदी घातलेल्या प्रोग्रामची एक यादी असते, तिला डीबीएक्स म्हणतात. विंडोज अपडेट तिच्यात वेळोवेळी भर घालतं. फर्मवेअरमध्ये ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ दाबलं तर ही यादी कारखान्यातल्या जुन्या रूपात परत जाते. पडद्यावर सिक्युअर बूट चालूच दिसतं, पण ७ व्या कप्प्यातला आकडा वेगळा येतो. लिनक्समधल्या फर्मवेअर अपडेटच्या सोयीने ही यादी पुढे नेली तरी तेच होतं. अशा वेळी मागे जायला वाट नसते. रिकव्हरी की टाकून आत जायचं आणि नवी अवस्था नोंदवून घ्यायची.

टीपीएम क्लिअर झाला असेल तर सेटिंग कितीही मागे घेतलं तरी उपयोग नाही. याची एक खूण म्हणजे की टाकून आत गेल्यावर साइन इनचा पिनही चालेनासा होतो, कारण तोसुद्धा टीपीएमशी बांधलेला असतो.

आणखी एक गोष्ट या प्रश्नासारखी दिसते, पण वेगळी आहे. लिनक्सला डिस्क दिसावी म्हणून काही जण स्टोरेजची पद्धत रेडवरून एएचसीआयवर नेतात. त्यानंतर विंडोज `INACCESSIBLE BOOT DEVICE` म्हणत कोसळतं, दुरुस्तीच्या पडद्यावर जातं आणि तिथे की मागतं. इथे की टाकून मूळ दुखणं जात नाही. स्टोरेजची पद्धत पूर्वीची करा, मग विंडोज उघडेल.

रिकव्हरी की शोधू कुठे?

दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर `aka.ms/myrecoverykey` उघडा आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा. यादीत एकाहून जास्त की असतील तर पडद्यावरच्या `Key ID` चे पहिले आठ अक्षर-आकडे जुळवून पाहा. लोक इथे चुकतात ते खात्याच्या बाबतीत. की जमा होते ती ज्याने मशीन पहिल्यांदा सुरू करून दिलं त्याच्या खात्यात. घरातलं कोणी असेल, जुना मालक असेल, किंवा तुमचाच विसरलेला दुसरा ईमेल असेल. कार्यालयाचं मशीन असेल तर की तिथल्या आयटी विभागाकडे असते.

टाकताना नंबर पॅड चालला नाही तर वरच्या ओळीतले आकडे वापरा. तेही चालले नाहीत तर `F1` ते `F9` ही बटणं १ ते ९ साठी आणि `F10` शून्यासाठी चालतं. की सहा आकड्यांच्या आठ गटांची असते आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. कागदावर उतरवलेला आकडा ५ आहे की ६ असा घोळ झाला तर भागाकार करून पाहा.

बदल करण्याआधी काय करावं, म्हणजे पडदा येणारच नाही?

बिटलॉकर सस्पेंड करा. सस्पेंड म्हणजे डिस्क डिक्रिप्ट करणं नव्हे. डेटा एन्क्रिप्टच राहतो, फक्त उघडायची किल्ली तात्पुरती डिस्कवर उघडी ठेवली जाते, त्यामुळे टीपीएमला विचारायची गरजच उरत नाही. म्हणूनच हे काही सेकंदांत होतं, तर बिटलॉकर पूर्ण बंद करायचं म्हटलं की अख्खी डिस्क पुन्हा लिहिली जाते.

आधी रिकव्हरी की खरंच हाताशी आहे का ते पाहा. वर दिलेल्या `-protectors -get` च्या उत्तरात `Numerical Password` खाली ती दिसते. तिची प्रत त्याच मशीनबाहेर ठेवा. मग ॲडमिनिस्ट्रेटर टर्मिनलमध्ये:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

इथला `0` महत्त्वाचा आहे. तो दिला नाही तर पुढच्या एका रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परत येतं. फर्मवेअरचं काम क्वचितच एका फेरीत आटपतं. एक सेटिंग बदलून विंडोज उघडतं, मग दुसरं आठवतं, आणि दुसऱ्या फेरीत पडदा गाठतो. `0` म्हणजे मी सांगेपर्यंत सस्पेंड राहा. १ ते १५ पर्यंतचा आकडा दिला तर तेवढ्या रीस्टार्टनंतर ते आपोआप चालू होतं. होम आवृत्तीत बिटलॉकरचा नियंत्रण पडदा नसतो, पण हे हुकूम तिथेही चालतात.

आता रीस्टार्ट करून फर्मवेअरमधला बदल करा, विंडोज उघडा, आणखी बदल असतील तर तेही उरका. सगळं पक्कं झालं आणि बाहेरचे पेनड्राइव्ह काढले की:

```
manage-bde -protectors -enable C:
manage-bde -status C:
```

पहिल्या ओळीने आजच्या अवस्थेशी नवी बांधणी होते. दुसरीच्या उत्तरात `Protection On` दिसलं पाहिजे. मग एकदा रीस्टार्ट करून पाहा. परीक्षा घ्यायची वेळ हीच, रिकव्हरी की हाताशी असताना.

परत चालू करायला विसरू नका. सस्पेंड अवस्थेतला लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्कवरच्या उघड्या किल्लीने ती कोणालाही वाचता येते.

बायोस अपडेटसाठीही हे करावं लागतं का?

विंडोजमधून चालणारी उत्पादकाची अपडेटची साधनं पुष्कळदा स्वतःच सस्पेंड करतात. पेनड्राइव्हवरून थेट फर्मवेअरमध्ये केलेल्या अपडेटला ते शक्य नसतं, कारण त्या वेळी विंडोज चालूच नसतं. दोन्ही वेळा हाताने सस्पेंड केलं तर नुकसान काहीच नाही. अपडेटनंतर फर्मवेअरची सेटिंग्ज मूळपदावर गेली नाहीत ना, हे मात्र पाहा.

अपडेटनंतर काळ्या पडद्यावर एफटीपीएम रीसेट करायचा का, `Y` की `N`, असं विचारतंय.

एएमडी प्रोसेसरच्या बोर्डांवर प्रोसेसर बदलल्यावर किंवा अपडेटनंतर हा प्रश्न येतो. रिकव्हरी की हातात नसेल तर `N` दाबा. `Y` म्हणजे टीपीएम क्लिअर, आणि मग त्या ४८ आकड्यांखेरीज डिस्क उघडत नाही. प्रोसेसर बदलला असेल आणि की जवळ नसेल, तर जुना प्रोसेसर परत बसवणं हा मार्गही `N` दाबल्यानेच मोकळा राहतो.

की कुठेच सापडत नाही आणि टीपीएमही क्लिअर झालाय. काही उपाय?

दुसरी कुठलीही किल्ली आधी जोडून ठेवलेली नसेल तर नाही. मायक्रोसॉफ्टचा मदत कक्षही ती की काढून देऊ शकत नाही, आणि पैसे घेऊन ‘बिटलॉकर तोडून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. डिस्क लगेच पुसू मात्र नका. ती काढून बाजूला ठेवा, नव्या डिस्कवर काम सुरू करा, आणि जुनी खाती, छापलेले कागद, दुसऱ्या पेनड्राइव्हवर सेव्ह केलेली मजकुराची फाइल हे सावकाश धुंडाळा. की सापडली तर तीच डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला जोडूनही उघडते. रिकव्हरी कीला टीपीएम लागत नाही.